काय झालंय ते न सांगता

चार मिनिटांच्या एका व्हिडिओची संहिता आपल्यासमोर आहे. विषय मनाचं आरोग्य. हा व्हिडिओ सभागृहातल्या मोठ्या पडद्यासाठी नाही. बचत गटाची बैठक संपली, पासबुकं पिशवीत गेली, की एका मोबाइलभोवती चार-पाच बायका दाटीवाटीने बसतील आणि तो पाहतील. ही कल्पनेतली गोष्ट नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम असाच चालला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो उभा केला होता. गावातलीच माणसं गावातल्यांना मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायची आणि मग बोलत बसायची. फिल्म आजारांच्या नावांवर नव्हत्या. दारू, घरातले तंटे, बेरोजगारी अशा ओळखीच्या अडचणींवर होत्या.

आपली संहिताही त्याच वाटेने जाणारी आहे. ती आज सावकाश वाचू. एका ओळीवर थांबायचं, ती ज्यांच्या कानावर पडणार आहे त्यांना डोळ्यांसमोर आणायचं, आणि मगच पुढे सरकायचं. वाचताना मनात काही आलं तर ते बाजूला सारू नका. संहिता तपासायला त्याचाच उपयोग होतो.

पहिल्या खर्ड्यातली पहिली ओळ अशी आहे: ‘झोप लागत नाही? भूक मेली आहे? कशातच मन रमत नाही? मग सावध व्हा, हे नैराश्य आहे.’

ही ओळ ओठांतल्या ओठांत एकदा म्हणा. आता त्या पाच बायकांकडे बघा. पहिलीच्या सासूबाईंचं तेरावं नुकतंच झालंय. दोघींचं जमायचं नाही असं सगळा गाव म्हणायचा, तरी घर खायला उठतं आणि झोप लागत नाही. दुसरी वर्षभर थकलेली आहे. तिचं थायरॉइड बिघडलंय, पण ते अजून कोणी तपासलेलं नाही. तिसरी रात्री एक वाजेपर्यंत जागी असते, कारण नवरा पिऊन आला की दार कसं उघडेल याचा नेम नसतो. चौथीच्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ आहे. आणि पाचवीला खरोखरच ते झालेलं असू शकतं, ज्याला डॉक्टर नैराश्य म्हणतात.

आपलं वाक्य या पाचही जणींना एकच उत्तर देऊन मोकळं झालं. पहिलीच्या दुःखाला आजार ठरवलं. दुसरीचं रक्त तपासायचं राहून गेलं, कारण तिला वाटलं आपलं कारण कळलं. तिसरीच्या घरातला धोका उचलून तिच्या मनावर टाकला, जणू बिघाड तिच्यातच आहे. चौथी आधीच लोकांच्या नजरेत होती, ती आणखी घाबरली. पाचवीला तिचं निदान सासू आणि जावेच्या देखत मिळालं, आणि संध्याकाळपर्यंत ते आळीत पोचेल. चुकीचं निदान वाईटच, पण बरोबर निदान चुकीच्या जागी मिळालं तर तेही माणसाला बोलतं करण्याऐवजी गप्प करतं.

इथे जरा थांबा. डॉक्टर किंवा समुपदेशक हेच प्रश्न विचारतात तेव्हा काय होतं ते आठवा. बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात: झोप, भूक, थकवा, कामातलं लक्ष, मनावरचं मळभ. उत्तरांना गुण असतात, बेरीजही होते. पण शहाणा डॉक्टर बेरजेवर थांबत नाही. घरात कोणी गेलंय का, रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, थायरॉइड तपासलंय का, आधीची कुठली औषधं चालू आहेत, या सगळ्याचा रोजच्या कामावर किती परिणाम झालाय, घरात मारहाण होते का, हे तो एकेक करून विचारतो. बेरीज म्हणजे विचारपूस सुरू करायची जागा. व्हिडिओची अडचण हीच की तो उलट प्रश्न विचारू शकत नाही. ऐकणारीने ‘हो’ म्हटलं तरी त्याला ते ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने निदान करू नये.

मग पहिली ओळ काढून टाकली. तिच्या जागी काय आलं? दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं होतं: ‘आपलं मन हे फुलासारखं असतं. त्याला जपायला हवं. नेहमी सकारात्मक राहा.’ निदान टाळलं, पण त्याबरोबर सगळंच टाळलं. हे वाक्य ऐकून पाचपैकी एकीलाही वाटणार नाही की हे माझ्याबद्दल आहे. जपून बोलायचं म्हणजे धूसर बोलायचं असा समज या कामात फार पसरलाय, आणि मला तो निदान करण्याइतकाच घातक वाटतो. ‘सकारात्मक राहा’ हे जिला जमत नाही ती आणखी एका गोष्टीत नापास होते.

तिसरा खर्डा वाचू. हा निवेदनाविना, नुसता हातांवर कॅमेरा ठेवून सुरू होतो. ओट्यावर चहाचा कप. त्यावर साय धरलेली. कपाच्या कडेला एक तपकिरी रेघ, म्हणजे चहा ओतून बराच वेळ झालाय आणि कोणी एक घोटही घेतलेला नाही. मागे मिक्सर चालू आहे, मुलाचा डबा भरला जातोय, झाकण नीट लागतंय. बाई काम करतेय. मग आवाज येतो: ‘कामं होतात. पण पूर्वी अर्ध्या तासात उरकायचं, त्याला आता सकाळ जाते. मेथीची जुडी निवडायला घेतली की हात मध्येच थांबतात. कोणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ऐकू येतं. रात्री अंग दमलेलं असतं, पण डोळा लागत नाही. असं चार दिवस कोणाचंही होतं. पण आठवड्यांमागून आठवडे गेले आणि हे हटलंच नाही, तर?’

त्या ‘तर’नंतर तीन सेकंद काहीही नाही. संगीतही नाही.

आता या उताऱ्यात तिच्याबद्दल आपण काय ठरवलं ते शोधा. काहीच नाही. काय पाहिलं? पुष्कळ. साय धरलेला चहा पाहणारीला तिच्या स्वतःच्या ओट्यावर सापडेल, आणि सापडला नाही तरी जावेच्या ओट्यावर पाहिल्याचं आठवेल. दोन आठवड्यांचा नेमका आकडा मुद्दाम घातलेला नाही. आकडा दिला की लोक दिवस मोजायला लागतात. तेरावा दिवस असलेली बाई ‘अजून एक दिवस बघू’ म्हणते, आणि पंधरावा ओलांडलेली हादरते. पण काळ तर सांगायलाच हवा, कारण एखादा वाईट दिवस आणि मागे लागलेले आठवडे यांतला फरक ऐकणारीच्या हाती द्यायचा असतो. म्हणून ‘आठवड्यांमागून आठवडे’.

पुढचं वाक्य असं: ‘याची कारणं वेगवेगळी असू शकतात. शरीरातली, घरातली, मनातली, कधी एकापेक्षा जास्त. आपलं कोणतं, ते समोर बसून, विचारपूस करून, तपासूनच कळतं.’ संपूर्ण संहितेत ‘असू शकतात’ हे एवढ्या एकाच जागी आहे. ते मुद्दाम मोजून घ्या. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘शक्यता आहे’ लागायला लागलं, की ऐकणारीला वाटतं सांगणाऱ्यालाच भरवसा नाही. जे दिसतं ते ठाम सांगायचं, कारण तेवढं मोकळं ठेवायचं.

चित्रांबद्दल थोडक्यात. अंधारा कोपरा, गुडघ्यांत खुपसलेलं डोकं, काचेवरून ओघळणारा पाऊस, हे सगळं काढून टाका. या पाचपैकी एकही बाई अशी बसत नाही. बसायला तिला वेळ नाही. आपल्या बाईच्या हातून गटाचा हिशेब चुकत नाही, हेही एका दृश्यात दिसू द्या. आणि खऱ्या माणसाची हकिकत वापरत असाल तर त्याची संमती घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांत द्यायला मनाई केली आहे.

आता संवाद. हा भाग शक्य असेल तर मोठ्याने वाचा, दोन आवाजांत.

‘दोन बैठका झाल्या, येतेस पण बोलत नाहीस. काही विचारू का गं?’

‘काही नाही. नुसतं नको नको वाटतं.’

‘कधीपासून?’

‘दिवाळीपासून.’

इथे पुन्हा तीन सेकंद.

‘घरात कोणाला बोललीस?’

‘काय बोलू? ताप असता तर सांगितलं असतं.’

‘उद्या मला आरोग्य केंद्रात जायचंच आहे. सोबत चल. डॉक्टरांशी तू बोल, मी बाहेर बसेन.’

शेजारणीने काय केलं ते पाहा, आणि काय केलं नाही तेही पाहा. तिने ‘का’ विचारलं नाही, ‘कधीपासून’ विचारलं. ‘का’ला उत्तर द्यायचं म्हणजे स्वतःची बाजू मांडायची, आणि जिच्या अंगात त्राण नाही तिला ते ओझं होतं. ‘कधीपासून’ला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि डॉक्टरांनाही पुढे तेच लागणार असतं. ‘टेन्शन घेऊ नकोस’ असं ती म्हणाली नाही. ‘माझ्या मावसबहिणीला अस्संच झालं होतं, तिला डिप्रेशन निघालं’ असंही म्हणाली नाही. प्रेमापोटी केलेलं निदान बहुतेक याच वाटेने येतं. ‘डॉक्टरकडे जा’ असा सल्ला देऊन मोकळी झाली नाही. कुठला दिवस, कुठली जागा, सोबत कोण, एवढं ठरवलं. आणि ‘मी बाहेर बसेन’ म्हणाली. त्या तीन शब्दांत सोबतही आली आणि आडोसाही आला. संहिता लिहिणाऱ्याला एकच ओळ राखायला मिळाली तर मी ही राखेन.

यानंतरचा भाग वाचण्याआधी हवं तर एक श्वास घ्या. आज तो वाचायचा नसेल तर यापुढचे दोन परिच्छेद सोडून पुढे गेलात तरी चालेल.

जगणं नकोसं वाटण्याबद्दल बोलायचं की नाही, यावर अशा व्हिडिओंच्या बैठकांत हमखास वाद होतो. काढून टाकणं सोपं असतं. पण पाचवीच्या मनात तो विचार येऊन गेला असेल, तर आपलं मौन तिला सांगतं की हे बोलण्यासारखं नाही. म्हणून तो भाग आहे, पण मोजकाच: ‘कधी त्रास इतका वाढतो की जगणंच नको वाटतं. असं मनात येत असेल तर ते कोणाला तरी आजच सांगा. जवळच्या माणसाबद्दल तशी शंका आली, तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, बोलायला वाट मिळते. धोका आत्ताच वाटत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, ११२ ला फोन करा.’ साधन, जागा, चिठ्ठी यांतलं काहीही पडद्यावर नाही, सूचकपणेही नाही. ‘कर्जापायी’, ‘परीक्षेपायी’ असं एकच कारणही जोडलेलं नाही, कारण त्याने त्याच अडचणीत असलेल्या दुसऱ्या माणसाला वाटतं की माझाही शेवट ठरलेला आहे.

या विषयावर बोलण्याला आधार आहे. व्हिएन्नाच्या संशोधकांनी ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांचा केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. असे विचार मनात येऊनही माणसं त्या घडीतून कशी सावरली, हे सांगणाऱ्या मजकुरानंतर आत्महत्यांचं प्रमाण घटल्याचं त्यांना दिसलं. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेत पापागेनो नावाच्या पात्राला ऐन वेळी तीन मुलं दुसरी वाट दाखवतात. त्या पात्राचं नाव या परिणामाला दिलं गेलं. एका मजकुरामुळेच कोणी वाचलं असं यातून सिद्ध होत नाही. पण चार मिनिटांतली काही सेकंद कशावर खर्च करायची, हे ठरवायला तेवढं पुरतं. ती सावरण्याच्या पायऱ्यांवर खर्च करायची.

आता शेवटचा संदेश. पहिल्या खर्ड्यात तो असा होता: ‘काळजी करू नका. सगळं ठीक होईल. तुम्ही एकट्या नाही.’

ही तीन वाक्यं एकेक करून हातात घ्या. ‘काळजी करू नका’ हे जिला थांबवता येत नाही तिलाच सांगितलंय. ‘सगळं ठीक होईल’ हे आपल्याला माहीत नाही. तिसरीचा नवरा उद्याही पिऊन येऊ शकतो. पाचवी कदाचित सहा महिने उपचार घेतेय आणि तिला अजून हवा तसा आराम नाही. तिच्या कानाला हे वचन खोटं लागेल, आणि मग आधीची चार मिनिटंही खोटी वाटतील. ‘तुम्ही एकट्या नाही’ हे तेव्हाच खरं, जेव्हा व्हिडिओ संपल्यावर तिथे कोणीतरी खरंच बसलेलं असतं. धीर द्यायचा तर जे पाचही जणींच्या बाबतीत खरं असेल तेवढंच बोलायचं. शोधलं तर तसं पुष्कळ सापडतं. शेवटचा खर्डा असा झाला. हळू वाचा, मिनिटाला शंभर शब्दांहून जास्त नाही:

‘तुम्हाला जे होतंय ते खरं आहे. तुम्ही ते मुद्दाम करत नाही, आणि ते तुमच्या कमकुवतपणामुळे नाही. त्याला आज नाव द्यायची गरज नाही. आज फक्त कोणाला तरी सांगायचं. गावातल्या आशाताईंना सांगा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा. किंवा १४४१६ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. नीट सांगता आलं नाही तरी चालेल, विचारणारा विचारेल. घरात कोणी हात उगारत असेल तर तेही सांगा. त्यासाठी १८१ हा नंबर आहे. मदत घेतल्यावर बऱ्याच जणांना आराम पडतो. कोणाला लवकर, कोणाला उशिरा. कधी औषध बदलावं लागतं, कधी डॉक्टर. तुम्हाला वेळ लागला तर तो तुमचा दोष नाही. पुन्हा जाता येतं, पुन्हा विचारता येतं.’

यात औषधांबद्दलचा धीर जरा वेगळा आहे. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतो: मळमळ, तोंडाला कोरड. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस आठव्या दिवशी गोळ्या बंद करतो आणि म्हणतो, मला कशानेच गुण येत नाही. संहितेत औषधांचे तपशील नाहीत, ते डॉक्टरांचं काम. पण ‘कोणाला लवकर, कोणाला उशिरा’ हे चार शब्द त्या आठव्या दिवसासाठी ठेवलेले आहेत.

आणि क्रम पाहा. आशाताई आधी, नंबर नंतर. १४४१६ ही केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन लावल्यावर भाषा निवडता येते, प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतात. सेवा चांगली आहे. पण ज्या घरात मोबाइल एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, तिथे लावलेला नंबर यादीत दिसतो. अशा बाईला सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे दारात येणारी आशाताई, जिच्याशी बोलल्याची नोंद कुठल्याही फोनमध्ये राहत नाही. नंबर वाचतानाही ‘चौदा हजार चारशे सोळा’ असं म्हणू नका. ‘एक, चार, चार, एक, सहा’ असे सुटे आकडे, दोनदा, आणि पडद्यावर पंधरा सेकंद तरी, म्हणजे कोणाला पेन शोधायला वेळ मिळेल. व्हिडिओ बाहेर जाण्याआधी १४४१६ आणि १८१ हे दोन्ही नंबर स्वतः लावून पाहा.

दाखवणारीला एक सूचना संहितेच्या खालीच लिहून द्या: व्हिडिओ संपल्यावर लगेच उठायचं नाही, निदान दहा मिनिटं बसायचं, आणि कोणी वेगळं बोलू पाहिलं तर सगळ्यांच्या देखत विचारायचं नाही.

मग तपासणी. आठ-दहा बायकांना व्हिडिओ दाखवा आणि दोनच गोष्टी विचारा: यात काय होतं, आणि पाहून काय करावंसं वाटलं? ‘त्या बाईला डिप्रेशन होतं’ असं उत्तर दोघींकडून आलं तर आपण कुठेतरी निदान केलंय; बहुधा ते शब्दांत नसेल, संगीतात किंवा नटीच्या चेहऱ्यावर असेल, तिथे जाऊन काढा. ‘छान होता’ एवढंच आलं तर धूसरपणा परत शिरलाय. हातांवरची दृश्यं वाढवा. ‘डॉक्टर गोळ्या देऊन झोपवून ठेवतात ना?’ असं कोणी विचारलं तर शेजारणीच्या संवादानंतर आरोग्य केंद्रातलं एक दृश्य लागेल, ज्यात डॉक्टर आधी विचारतात आणि ऐकतात. आणि कोणी विचारलं, ‘आशाताई आमच्या आळीत कुठल्या वारी येतात?’, तर त्या गावापुरती संहिता झाली. तो वार शेवटच्या पाटीवर नंबराच्या शेजारी लिहा. दुसऱ्या गावात दाखवताना बदला.